धानाच्या बांधीतलं पुराचं पाणी, काकाचा ताप अन् लेप्टोचे चार रिपोर्ट. खरा कोणता धरायचा?

पैनगंगेचा पोऱ्या
नमस्कार मंडळी. आमचं गाव किनवट तालुक्यात, पैनगंगेपासून फार लांब नाही. दीड एकर धान आहे, बाकी कापूस. पोळ्यानंतरच्या आठवड्यात पूर आला अन् बांधीत चार दिवस पाणी तुंबून राहिलं. काका (वय ४६) तीन दिवस मांडीएवढ्या पाण्यात उभं राहून बांध फोडायला लागला होता, वाहून आलेला काडीकचरा काढायला लागला होता. पायाला चिखल्या झालेल्याच होत्या.

पहिल्यांदा पाण्यात उतरला त्याच्या नवव्या दिवशी सणकून ताप. तिसऱ्या दिवशी तालुक्याच्या एका लॅबमध्ये मलेरिया, डेंगू अन् लेप्टोची पट्टीवाली टेस्ट केली, तिन्ही निगेटिव्ह. डॉक्टर म्हणले व्हायरल आहे. पाचव्या दिवशी डोळे लालभडक पण चिपडं नाहीत, पोटऱ्या इतक्या दुखायल्या की खाटेवरून पाय खाली ठेवता येईना. सहाव्या दिवशी डोळे पिवळे अन् लघवी कमी. मग नांदेडला नेलं. तिथं प्लेटलेट ४८ हजार, क्रिएटिनिन ३.४, बिलिरुबिन ११, एसजीपीटी मात्र ९२च. लगेच सलाईनमधून अँटिबायोटिक सुरू केलं. आठव्या दिवशी एलायझा पॉझिटिव्ह आली. त्याच दिवशीच्या रक्ताची पीसीआर निगेटिव्ह! अन् मॅट नावाची टेस्ट बाहेर पाठवली, तिचा आकडा आला १:१००, त्याच्यापुढं लिहिलंय 'दुसरा नमुना पाठवा'. दुसरा नमुना २१व्या दिवशी दिला, तो १:१६००.

काका आता घरी आहे, जेवायलाय, शिव्या द्यायलाय म्हणजे ठीकच आहे. पण घरात भांडण पेटलंय. काकीचा भाऊ म्हणतो पहिल्या लॅबवर केस ठोका, खोटा रिपोर्ट दिला. मला विचारायचंय की चार रिपोर्टांपैकी चूक कोणाचा?

हिंगोलीकर
आधी हे सांगा, मराठवाड्यात धान कुठून आला? आमच्याकडं सोयाबीन नि हळद. लेप्टो तर कोकणातला रोग ना?

पैनगंगेचा पोऱ्या
@हिंगोलीकर भौ, किनवट-माहूरकडं या कधी. पलीकडं तेलंगणा, नदीच्या पल्याड विदर्भ, आमच्याकडं बांध्या आहेत. अन् जंतूला जिल्ह्याचा दाखला लागत नसतो.

फार्मसी दादा
माझं मेडिकल आहे, रोज पाहतो. प्लेटलेट ४८ हजार म्हणजे डेंगूच. डेंगूची टेस्टपण चुकते. पपईच्या पानाचा रस द्या. लेप्टो उंदीर चावल्यानं होतो, काकाला उंदीर चावला होता का?

लॅबवाली मावशी
दादा, चावल्यानं नाही, म्हणजे चावून झाल्याचं क्वचित ऐकलंय, पण नेहमीचा रस्ता उंदराचा मूत. मूत पाण्यात, पाणी चिखलात, चिखल पायाच्या भेगेत. डोळ्यातोंडाच्या नाजूक कातडीतूनपण आत जातो.

मी एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या सूक्ष्मजीवशास्त्राच्या लॅबमध्ये २० वर्षं काढली, म्हणून बोलते. पोऱ्या, तुझ्या चारही रिपोर्टांत खोटा एकही नाही. ते वेगवेगळ्या दिवशी वेगवेगळ्या गोष्टी शोधायला गेले होते.

असं बघ. ताप चढला की पहिले सातआठ दिवस जंतू रक्तात फिरतो. त्यातल्या सुरुवातीच्या दिवसांत त्याच्याविरुद्धची प्रतिपिंडं, म्हणजे आपली अँटिबॉडी, अजून तयारच झालेली नसते. ती दिसायला पाचव्या ते सातव्या दिवसापासून लागते. पट्टीवाली टेस्ट जंतू शोधतच नाही, ती अँटिबॉडी शोधते. तिसऱ्या दिवशी ती शोधायला गेली तर निगेटिव्हच येणार, मग लॅब तालुक्याची असो की मुंबईची. म्हणजे रिपोर्टचा अर्थ 'लेप्टो नाही' असा नव्हता, 'आज अँटिबॉडी नाही' एवढाच होता. चूक झाली असेल तर तो कागद वाचण्यात झाली.

बांधावरचा बाप्पू
मावशी हे ताप आल्याच्या दिवशी सांगाया पाहिजे व्हतं कुनीतरी. आमच्या गावात तर निगेटिव्ह म्हनलं की मानूस दुसऱ्या दिवशी निंदायला जातो.

पैनगंगेचा पोऱ्या
मावशी, मग आठव्या दिवशी पीसीआर निगेटिव्ह कशी? ती तर जंतूच शोधते म्हणले.

लॅबवाली मावशी
बरोबर, पीसीआर जंतूचा डीएनए शोधते. पण आठव्या दिवशी दोन गोष्टी झालेल्या होत्या. एक तर अँटिबॉडी आली की जंतू रक्तातून हटतो नि मूत्रपिंडात जाऊन बसतो. दुसरं, काकांना सहाव्या दिवसापासून अँटिबायोटिक चालू होतं. दोन्हीमुळं रक्त साफ. तेच रक्त तिसऱ्या दिवशी, औषधाआधी घेतलं असतं तर पीसीआर पॉझिटिव्ह येण्याची चांगली शक्यता होती. तेव्हा नेमकी पट्टी केली, नि पट्टीच्या दिवसात पीसीआर. उलटं झालं. दुसऱ्या आठवड्यानंतर जंतू लघवीत सापडू शकतो, पण त्यातही कधी येतो कधी येत नाही, नि लघवी आंबट असली की लवकर मरतो.

तालुक्याला पीसीआरची सोय नसते हे मला माहीत आहे. म्हणून औषध सुरू करायच्या आधीचं थोडं रक्त ईडीटीएच्या जांभळ्या झाकणाच्या नळीत काढून थंड ठेवलं तर पुढं कामी येतं. मात्र औषध रिपोर्टसाठी थांबवायचं नाही.

निवृत्त गुरुजी
विषय गंभीर आहे तरी एक आठवण येते. जपानमध्ये भाताच्या शेतात शरद ऋतूत येणाऱ्या तापाला लोक 'आकियामी' म्हणत, म्हणजे शरदाचा आजार. इनाडा आणि इडो या दोघांनी १९१५ च्या सुमारास तिकडच्या कोळशाच्या खाणीतल्या कामगारांमध्ये हा नागमोडी जंतू शोधला. त्याआधी १८८६ मध्ये जर्मनीत वाईल नावाच्या डॉक्टरनं कावीळ, ताप नि मूत्रपिंड बिघडण्याचं एकत्र वर्णन केलं होतं, म्हणून गंभीर प्रकाराला अजूनही वाईल्स डिसीज म्हणतात. जंतूचा आकार प्रश्नचिन्हासारखा दिसला म्हणून नावात 'इंटेरोगन्स' आलं. चौकशी करणारा जंतू. आमच्या हेडमास्तरांसारखा.

हिंगोलीकर
गुरुजी 😄 मग आमच्या हेडमास्तरांना डॉक्सीची गोळी द्यायला पाहिजे होती.

टायगरची आई
आमच्या लॅब्रॅडॉरला दरवर्षी लेप्टोचं इंजेक्शन देतो, सेव्हन इन वन. मग आता त्याला पुराच्या पाण्यात सोडलं तर चालेल ना? आणि तेच इंजेक्शन माणसाला दिलं तर?

गोठ्यातला डॉक्टर
ताई, धागा काकांचा आहे, टायगरचा नाही. तरी सांगतो. लसीत जे ठरावीक प्रकार असतात त्यांच्यापुरतंच संरक्षण, नि या जंतूचे प्रकार शेकड्यात आहेत. म्हणून कुत्र्याला मुद्दाम सोडू नका. कुत्र्याची लस माणसाला देत नसतात. भारतात माणसासाठी लेप्टोची लस सरसकट मिळत नाही.

मी पशुवैद्यक आहे म्हणून एक गोष्ट खटकली. सगळेजण उंदराच्या मागं लागलेत. बैल, म्हैस, डुक्कर, कुत्रा हेही लघवीतून जंतू सोडतात. गाईम्हशीत गाभण जनावर गाभडणं, दूध अचानक आटणं, यामागं कधीकधी हाच असतो. पुरात गोठ्यातलं मूत बांधीत आलं नसेल कशावरून?

बांधावरचा बाप्पू
डाक्टरसायेब, आमच्याकडं पान्याआधी बांधात बिळं मोजली तर एका बांधावर वीसपंचवीस. मोठ्ठा काळा उंदीर, शेपटी आखूड, धान कापून बिळात साठवतो. पूर आला की ते सगळे वर पळतात. कुठं? गंजीत, गोठ्यात, घरात. आमच्या माळवदात त्या आठवड्यात रातभर नुसती धावपळ. बैल तर वर्षभर बांधीत हायच. तरी ताप पुरानंतरच येतो ना?

गोठ्यातला डॉक्टर
बाप्पू, तुमची गोष्ट मान्य. तो शेतातला काळा उंदीर म्हणजे बँडिकूटाचा लहान प्रकार, घुशीचा धाकटा भाऊ म्हणा. त्याची नि घरच्या काळ्या उंदराची गंमत अशी की ते स्वतः आजारी दिसत नाहीत. जंतू त्यांच्या मूत्रपिंडातल्या बारीक नळ्यांमध्ये जाऊन बसतो नि महिनोन् महिने, कधी जन्मभर, मुतातून बाहेर पडत राहतो. ओल्या, न आंबट न फार खारट चिखलात तो आठवडे टिकतो. ऊन लागून वाळलं की संपला. तुंबलेली बांधी त्याला सोयीची. म्हणजे पुरानं जंतू नवीन आणला नाही, बिळात नि गोठ्यात जे होतं ते धुवून एका टाक्यात कालवलं. त्यात बैलाचं मूतपण आलं, हे माझं म्हणणं अजून तसंच आहे.

फार्मसी दादा
मग उपाय सोपा, झिंक फॉस्फाईड टाका, सगळे उंदीर खलास, रोग खलास.

बांधावरचा बाप्पू
दादा, झिंक फॉस्फाईड पुरात टाकून बघा एकदा, पान्याबरोबर वाहून जाईल. त्याला टाईम आसतो. पान्याच्या आधी, अन् आधी दोनतीन दिवस नुस्ती तेल लावलेली भरड बिळाशी ठेवायची, उंदीर चवीला लागला की मग औषध कालवायचं. पयल्याच दिवशी औषध टाकलं की एक मरतो अन् बाकीचे हुशार व्हतात. अन् हे एकट्यानं करून फायदा नाय, शेजारच्या बांधावरचे महिन्यात येऊन बसतात. गणपतीत तर कुनी मारूबी देत नाय, म्हनतात वाहन हाय.

हिंगोलीकर
वाहनाला पियूसी पाहिजे मग. धूर नाही, मूत सोडायलंय.

गोठ्यातला डॉक्टर
मेलेले उंदीर उघड्या हातानं उचलू नका बरं. मूत्रपिंड त्यांच्याबरोबरच असतात.

पैनगंगेचा पोऱ्या
मावशी, मॅटचं सांगा. १:१०० वरून १:१६०० म्हणजे काय? काकाचे मेहुणे म्हणायलेत की रोग सोळापट वाढला अन् तुम्ही घरी आणलंत.

लॅबवाली मावशी
मेहुण्यांना सांग, आकडा वाढला तो अँटिबॉडीचा. रोगी बरा होताना हा आकडा वाढतो, यात घाबरण्यासारखं काही नाही.

मॅट कशी करतात ते मी बघितलंय, नि केलीय. जिवंत लेप्टोस्पायरांची द्रव माध्यमात वाढवलेली ताजी वाढ लागते, साधारण आठवडाभराची. प्रत्येक बाटलीत एक प्रकार. त्यांना दर काही दिवसांनी नवीन माध्यमात हलवावं लागतं, नाहीतर मरतात. ही रोपवाटिका कायम जपायची म्हणून ही टेस्ट मोजक्या लॅबांतच होते. पोर्ट ब्लेअरच्या आयसीएमआरच्या केंद्राचं नाव यात मोठं आहे.

मग रोग्याच्या सीरमला पातळ करत जायचं. १:१००, पुढं दुप्पट पातळ १:२००, मग ४००, ८००, १६००. प्रत्येक खान्यात जिवंत जंतू टाकायचे, दोनेक तास गरम ठेवायचं नि थेंब काचपट्टीवर घेऊन डार्क फील्डच्या सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. काळ्याकुट्ट पडद्यावर चांदीच्या बारीक तारा, दोन्ही टोकांना आकड्यासारखा वाक, अखंड गरगर फिरतात. अँटिबॉडी असली की त्या एकमेकींना चिकटून गोळे होतात. सीरम नसलेल्या खान्याशी ताडून बघत, ज्या खान्यात मोकळ्या फिरणाऱ्या निम्म्या उरल्या तिथला शेवटचा आकडा लिहायचा. डोळ्यांनी मोजायचं, म्हणून दोघांच्या नजरेत एका पायरीचा फरक पडतो.

आता काकांचं. १०० ते १६०० या चार पायऱ्या. एका पायरीचा फरक नजरेचाही असू शकतो, म्हणून पक्कं म्हणायला निदान दोन पायऱ्या, म्हणजे चौपट वाढ, हवी असते. इथं सोळापट आहे, शंकेला जागा नाही. एकटा १:१०० काहीच सांगत नव्हता. भातशेती करणाऱ्या माणसात जुन्या संसर्गानं इतकं रेंगाळलेलं असू शकतं. म्हणूनच 'दुसरा नमुना पाठवा' लिहिलं होतं. नि दुसरा नमुना तुम्ही दिलात, बहुतेक लोक बरं वाटलं की देतच नाहीत.

फार्मसी दादा
म्हणजे एलायझा पॉझिटिव्ह आली तेवढ्यानं पक्कं नव्हतं का? आमच्याकडं तर एकच टेस्ट करून ट्रीटमेंट सुरू.

लॅबवाली मावशी
ट्रीटमेंट सुरू करायला एकच पुरते, किंबहुना टेस्ट नसली तरी लक्षणांवर सुरू करतात. पक्कं ठरवायला एलायझा अपुरी पडते. तीही अँटिबॉडीच शोधते, नि ही अँटिबॉडी महिनोन् महिने टिकू शकते. गेल्या पावसाळ्यातला लेप्टो यंदाच्या डेंगूत पॉझिटिव्ह दाखवेल. तुमच्या प्लेटलेटवाल्या मुद्द्यात तथ्य आहे, लेप्टोतपण प्लेटलेट पडतात, म्हणून निव्वळ प्लेटलेट बघून डेंगू म्हणता येत नाही. मला वाटतं काकांच्या कागदावर सगळ्यात बोलका आकडा बिलिरुबिन ११ नि एसजीपीटी ९२ होता. साध्या विषाणूच्या काविळीत एसजीपीटी हजारात जातो. कावीळ खूप नि एसजीपीटी थोडाच, त्यात क्रिएटिनिन वाढलेलं, लाल डोळे, पोटऱ्या दुखणं, पुराचं पाणी, एवढं जुळलं की तिथल्या डॉक्टरांनी रिपोर्टची वाट न बघता औषध सुरू केलं ते योग्यच.

गोठ्यातला डॉक्टर
मॅटमध्ये कोणता प्रकार जुळला ते लिहिलंय का? उंदराचा का बैलाचा कळलं असतं.

पैनगंगेचा पोऱ्या
पहिल्या कागदावर एका प्रकाराला १००, दुसऱ्या कागदावर तीन प्रकार लिहिलेत, एकाला १६००, दोघांना ४००. पहिल्याचा प्रकार अन् दुसऱ्यातला मोठा प्रकार वेगवेगळे आहेत. हे काय?

लॅबवाली मावशी
सुरुवातीच्या सीरममध्ये अँटिबॉडी अजून नेमकी नसते, आपल्या जंतूला सोडून नात्यातल्या दुसऱ्याला जास्त चिकटते. म्हणून पहिल्या नमुन्यावरून प्रकार सांगणं धोक्याचं. दुसऱ्यावरूनही अंदाजच. इक्टेरोहेमोरॅजिये गटाला आकडा मोठा आला तर उंदराकडं बोट जातं, पण जंतू सोडणारा प्राणी तोच असं शपथेवर सांगता येत नाही. खरं उत्तर हवं तर रोग्याच्या रक्तातून जंतू वाढवायला लागतो, नि त्याला आठवडे लागतात, कधी तीन महिने वाट बघतात. नि शेतातले उंदीर पकडून त्यांच्या मूत्रपिंडाची पीसीआर नि वाढ. तुमच्या केसमध्ये जंतू हाताशी नाही, म्हणून हा वाद तुम्ही दोघं चालू ठेवा.

गोठ्यातला डॉक्टर
म्हणजे बैल अजून निर्दोष सुटला नाही. ठीक.

टायगरची आई
काकांचं ताट, अंथरूण वेगळं ठेवायचं का? लहान मुलं आहेत का घरात?

लॅबवाली मावशी
माणसाकडून माणसाला होणं अगदी दुर्मीळ. काही आठवडे लघवीत जंतू असू शकतो, म्हणून संडास स्वच्छ ठेवा, हात धुवा. वेगळं ताट नको.

हिंगोलीकर
एक प्रश्न. पुढच्या वेळी पाण्यात उतरावंच लागलं तर आधी डॉक्सी घेतलेली चालते म्हणतात. मुंबईत २००५ च्या २६ जुलैनंतर लई गाजलं होतं.

फार्मसी दादा
हो, माझ्याकडून पन्नासेक पत्ते नेतात लोक पावसाळ्यात. २०० मिलिग्रॅम.

लॅबवाली मावशी
दादा, चिठ्ठीशिवाय पत्ते देऊ नका. मुंबईत पुराच्या पाण्यातून चालल्यावर ७२ तासांच्या आत डॉक्टरांना विचारून घ्यायला सांगतात, ते बरोबरच आहे. पण गरोदर बाईला नि आठ वर्षांखालच्या पोराला नाही. पंधरापंधरा दिवस तुंबलेल्या बांधीत काम करणाऱ्याला एकदाची गोळी पुरेशी नाही, तेव्हा किती नि कधी हे आरोग्य केंद्रात विचारून घ्या. नि घेतलेल्या माणसाला ताप आला तर 'मी गोळी घेतली होती' म्हणून घरी बसू नका.

बांधावरचा बाप्पू
गमबूटाचं कायतरी सांगा. आमचे इथले म्हनतात गमबूट घाला.

पैनगंगेचा पोऱ्या
काकाला दोन वर्षांपूर्वी आणून दिले, ८ नंबर. चिखलात पाय उचलला की बूट तिथंच, पाय वर. तेव्हापासून त्यात कोंबडी अंडी घालायलीय.

निवृत्त गुरुजी
पोऱ्या, मूळ प्रश्न राहिला. केस ठोकायची का नाही?

पैनगंगेचा पोऱ्या
गुरुजी, काल तिसऱ्या दिवसाचा तो कागद परत काढला. पिवळा पडला, घडीवर फाटला होता. सगळ्यात खाली, जिथं सही असते त्याच्याही खाली, बारीक इंग्रजीत लिहिलंय की निगेटिव्ह आल्यास ताप कायम असेल तर सात दिवसांनी पुन्हा तपासा. मेहुण्यांना दाखवलं. ते म्हणले, मग हे मराठीत मोठं का नाही छापलं? याला माझ्याकडं उत्तर नव्हतं. केस नाही ठोकत, पण लॅबवाल्याला जाऊन एवढी ओळ वर आणायला सांगून येतो म्हणलेत. उद्या जाणार आहेत. मी सोबत जायलोय, मेहुण्यांचा आवाज चढला तर.

हिंगोलीकर
जाऊन आलात की इथं लिहा.

बांधावरचा बाप्पू
अन् काकाला म्हनाव, कोंबडी उठली की बूट घे.